किती लढायांनी लेवल वाढावी? आरपीजीतला एक्सपी आणि शत्रूंची ताकद बसवण्याची रीत

मागच्या उन्हाळ्यात भाचा भडगावहून अमळनेरला आला, तेव्हा मी माझ्या गेमची पहिली खेळता येण्याजोगी प्रत त्याच्या मोबाईलवर टाकून दिली. गेमचा नायक आहे गावचा जागल्या. गिरणाकाठच्या शेतांची राखण करता करता तो तापीकाठच्या केळीबागांत पोचतो, तिथून सातपुड्याच्या पायथ्याला पालच्या बाजूला जातो आणि शेवटी असिरगडाच्या वाटेवरच्या दरोडेखोरांशी भिडतो. भाचा दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओट्यावर बसून एकच गोष्ट करत होता. गिरणाकाठचे रानडुक्कर मारायचे, पडद्याबाहेर जायचे, परत यायचे, पुन्हा तेच डुक्कर. त्याने मान वर न करता विचारले, "मामा, आठवी लेवल कव्हय येई?"

मी आत जाऊन हिशेब केला. सातव्या लेवलवरून आठवीला जायला ११३९ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागत होते आणि एका डुकराचे २० मिळत होते. म्हणजे सत्तावन्न डुकरे. पुढे केळीबाग उघडी असतानाही तो तिकडे जात नव्हता, कारण तिथला शत्रू त्याला दोन मिनिटे झुंजवायचा आणि वर भाकऱ्या खायला लावायचा. पोराचा हिशेब बरोबर होता, चूक माझ्या आकड्यांत होती. ती दुरुस्त करताना मी जी रीत बसवली ती इथे पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरण पाळीपाळीने लढायच्या, एकाच नायकाच्या, वीस लेवलच्या छोट्या गेमचे आहे. पहिला गेम करताना एवढाच आवाका घ्यावा.

पहिली पायरी: सूत्र नंतर, आधी लढाया मोजा

नवीन माणूस बहुतेक वेळा एक्सपीचे सूत्र आधी शोधतो. मीही तेच केले होते. कुठेतरी वाचले होते की प्रत्येक लेवलला मागच्याच्या दीडपट एक्सपी ठेवावा, म्हणून पहिल्या लेवलला १००, मग १५०, मग २२५ असे लावून टाकले. कागदावर ते छान दिसते. पण खेळणाऱ्याला एक्सपीचा आकडा जाणवत नाही. त्याला जाणवते ती एकच गोष्ट: पुढची लेवल यायला किती लढाया माराव्या लागल्या.

म्हणून एक्सेल उघडा आणि पहिल्या रकान्यात लेवल, दुसऱ्यात "इथे किती लढाया हव्यात" एवढेच लिहा. हा आकडा तुमच्या मनाचा असतो, कोणत्याही सूत्राचा नाही. मी असे ठरवले: पहिल्या लेवलला सहा लढाया आणि पुढे दर लेवलला एक वाढवायची. म्हणजे लेवल अधिक पाच. दहाव्या लेवलला पंधरा, एकोणिसाव्याला चोवीस. सुरुवातीला लेवल पटापट वाढते, तोवर खेळणाऱ्याचा हात बसतो. नंतर जरा थांबावे लागते, पण त्या थांबण्याला अंत असतो.

एक ते वीस लेवलपर्यंत या लढायांची बेरीज २८५ होते. एक लढाई आणि तिच्या पुढची-मागची चाल मिळून दीड मिनिट धरले, तर सुमारे सात तास. माझी गोष्ट तेवढ्याच लांबीची होती, म्हणून आकडा पक्का केला. तुमची गोष्ट तीन तासांची असेल तर लढाया आत्ताच कमी करा. नंतर कमी करायला गेलात तर पुढचे सगळे रकाने हलतात.

दुसरी पायरी: एका शत्रूचा एक्सपी ठरवा आणि गुणाकार करा

आता बरोबरीच्या लेवलचा एक साधा शत्रू किती एक्सपी देईल ते ठरवा. हे सरळ चढते ठेवा. मी लेवलच्या पाचपट अधिक पाच धरले. पहिल्या लेवलचा शत्रू १० देतो, दहाव्याचा ५५, एकोणिसाव्याचा १००. आकडे लहान ठेवले की मोबाईलच्या पडद्यावर वाचायला सोपे जातात आणि चूक चटकन नजरेत भरते.

लेवल वाढायला लागणारा एक्सपी आता वेगळा शोधायची गरज उरत नाही. लढाया गुणिले एका लढाईचा एक्सपी, झाले. एक्सेलमध्ये लेवल `A2` मध्ये असेल तर:

```
=5*(A2+5)*(A2+1)
```

माझा जुना दीडपटीचा हिशेब आणि हा नवा शेजारी शेजारी ठेवले. शत्रूचा एक्सपी दोन्हीकडे सारखाच आहे.

| लेवल | जुना एक्सपी | जुन्या लढाया | नवा एक्सपी | नव्या लढाया |
|---|---|---|---|---|
| १ | १०० | १० | ६० | ६ |
| ५ | ५०६ | १७ | ३०० | १० |
| १० | ३,८४४ | ७० | ८२५ | १५ |
| १५ | २९,१९३ | ३६५ | १,६०० | २० |
| १९ | १,४७,७८९ | १,४७८ | २,४०० | २४ |

शेवटच्या ओळीतल्या १४७८ लढायांना दीड मिनिटाने गुणले तर एका लेवलला सदतीस तास होतात. पाचव्या लेवलपर्यंत हा घोळ दिसत नाही, आणि आपण स्वतः तपासतो ते बहुधा पहिल्या पाच लेवलपर्यंतच. म्हणून तो शेवटपर्यंत लपून राहतो.

पटीने वाढणारा कर्व्ह मुळातच वाईट असे मात्र नाही. 'रूनस्केप' या ऑनलाइन गेममध्ये ९९व्या लेवलला पोचायला एकूण १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि ९२व्या लेवलला ६५,१७,२५३, म्हणजे ब्याण्णववर पोचल्यावर अर्धाच रस्ता झालेला असतो. तो गेम वर्षानुवर्षे खेळायचा आहे, आणि पुढच्या लेवलला एक्सपी मिळवायचे मार्गही कितीतरी वेगाचे होतात. आपल्या सात तासांच्या गेममध्ये मिळकत सरळ रेषेत चढते आणि खर्च पटीने, मग भाच्यासारखा माणूस अडकणारच. 'पोकेमॉन'मध्ये अनेक पोकेमॉनना लागणारा एकूण एक्सपी लेवलच्या घनाइतका असतो, शंभराव्या लेवलला बरोबर दहा लाख. घन म्हटले की डोळे मोठे होतात, पण तो एकूण आकडा आहे. एकेका लेवलचा फरक काढला तर तो वर्गाच्या चालीने वाढतो. आपला वरचा गुणाकारही त्याच जातीचा आहे.

क्वेस्टचा एक्सपीही लढायांतच मोजा. "हरवलेली म्हैस शोधून आण, ३०० एक्सपी" असा सुटा आकडा लिहू नका. "तीन लढायांएवढा" असे लिहा आणि त्या क्वेस्टच्या लेवलच्या शत्रूचा एक्सपी तिनाने गुणा. माझ्या गेममध्ये वीस क्वेस्ट आहेत, म्हणजे साठ लढाया त्यातच भागतात आणि उरतात सव्वादोनशे. पुढे एखादा क्वेस्ट पाचव्या लेवलवरून नवव्याला हलवला तरी त्याचा मोबदला आपोआप बसतो.

तिसरी पायरी: किती वारांत मरावा, किती वार झेलावेत

आता शत्रूची ताकद. इथेही एचपी म्हणजे अंगातला जीव, अटॅक म्हणजे वाराचा जोर, हे आकडे आधी लिहायचे नाहीत. दोन प्रश्नांची उत्तरे लिहायची. बरोबरीचा साधा शत्रू नायकाच्या किती वारांत पडावा? आणि नायक त्याचे किती वार झेलून उभा राहावा? माझी उत्तरे होती चार आणि पंधरा. नायक आधी वार करतो, म्हणून एका लढाईत तो तीन वार खातो. पंधरापैकी तीन, म्हणजे पाचवा हिस्सा एचपी जातो. चार लढाया झाल्या की खेळणारा कळण्याची भाकरी काढतो. ही लय मला हवी होती.

वाराचे नुकसान कसे काढायचे याबद्दल माझे मत ठाम आहे: अटॅकमधून डिफेन्स वजा करू नका. नायकाचा अटॅक २० आहे, शत्रूचा डिफेन्स १२, नुकसान ८. पुढच्या भागातल्या शत्रूचा डिफेन्स १८ झाला की नुकसान २. डिफेन्स दीडपट झाला आणि लढाई चौपट लांबली. त्याच जागी तलवारीने अटॅक दोनाने वाढला तर नुकसान दुप्पट. एवढ्याशा फरकाने एवढी उडी बसत असेल तर कोणताही कर्व्ह टिकत नाही. भाच्याला केळीबागेत जो शत्रू दोन मिनिटे झुंजवत होता, तो या वजाबाकीचाच परिणाम होता. त्यापेक्षा गुणोत्तर घ्या:

```
damage = attack * attack / (attack + defence)
```

अटॅक आणि डिफेन्स सारखे असतील तर नुकसान अटॅकच्या निम्मे. डिफेन्स कितीही वाढला तरी नुकसान शून्य होत नाही, हळूहळू उतरते.

नायकाचा अटॅक मी लेवलच्या चौपट अधिक सोळा ठेवला: पहिल्या लेवलला २०, दहाव्याला ५६. बरोबरीच्या शत्रूचा डिफेन्स तेवढाच, म्हणजे दहाव्या लेवलला एक वार २८चा. चार वारांत पडायला शत्रूचे एचपी ११२. दुसऱ्या बाजूने शत्रूचा अटॅक लेवलच्या दुप्पट अधिक आठ, नायकाचा डिफेन्स तेवढाच, आणि नायकाचे एचपी लेवलच्या पंधरापट अधिक साठ. दहाव्या लेवलला नायकाचे २१० एचपी आणि शत्रूचा वार १४चा. पंधरा वार, हिशेब बरोबर.

चौथी पायरी: पूर्ण वारांचा खड्डा

हे इतके नीट जुळल्यावर वाटते की झाले. पण अजून एक गोष्ट बघायची राहते, आणि नवीन माणसाकडून ती हमखास सुटते. वार नेहमी पूर्ण असतो. साडेतीन वार असे काही नसते. म्हणून आणखी एक रकाना करा, एचपी भागिले नुकसान, वरच्या पूर्ण आकड्याला नेलेले:

```
=ROUNDUP(E2/D2,0)
```

आणि दहाव्या लेवलचा एकच शत्रू घेऊन त्याच्यासमोर वेगवेगळ्या लेवलचा नायक उभा करून पाहा. मी पाहिले तेव्हा हे निघाले: सातव्या आणि आठव्या लेवलच्या नायकाला सहा वार, नवव्याला पाच, दहाव्याला चार. इथवर ठीक. पण अकराव्यालाही चार, बाराव्यालाही चार, तेराव्यालाही चार. तेराव्या लेवलचा वार ३७.२९चा होता. तिनाने गुणले तर १११.८७, आणि शत्रूचे एचपी ११२. एका टिचकीएवढ्या एचपीसाठी चौथा वार लागत होता. खेळणाऱ्याने तीन लेवल कमावल्या, पडद्यावर आकडे मोठे झाले, आणि लढाई तसूभरही बदलली नाही. "लेवल वाढून काही फरकच पडत नाही" अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हाच खड्डा असतो, आणि आपण मात्र एक्सपीचा कर्व्ह खोदत बसतो.

उपाय सोपा आहे. शत्रूचे एचपी बरोबर पूर्ण वारांच्या काठावर ठेवू नका, थोडे आत घ्या. मी सगळ्यांचे एचपी दहा टक्क्यांनी कमी केले. दहाव्या लेवलचा शत्रू ११२ वरून १०१ वर आला. बरोबरीच्या नायकाला अजूनही चारच वार लागतात, पण बाराव्या लेवललाच ते तीन होतात. दोन लेवल वर चढलो की शत्रू एका वाराने लवकर पडतो, हे हाताला कळते. याशिवाय प्रत्येक वारात दहा टक्के कमी-जास्त असा नशिबाचा भाग ठेवलात तर काठ आणखी बोथट होतात. पण तो नंतर घाला. आधी नशिबाशिवाय रकाने तपासा, नाहीतर खड्डा कुठे आहे तेच सापडत नाही.

पाचवी पायरी: शत्रूने नायकाबरोबर वाढावे का?

इथे दोन टोके आहेत. एक टोक म्हणजे प्रत्येक शत्रूची लेवल कायमची ठरलेली. दुसरे म्हणजे नायक जिथे जाईल तिथे शत्रू त्याच्याच लेवलचा. दुसरे टोक करायला सोपे असते, एक ओळ लिहिली की सगळीकडे लढाई बरोबरीची. म्हणून ते मोहात पाडते.

त्यात काय बिघडते ते आपल्याच आकड्यांवर पाहा. पहिल्या लेवलला रानडुक्कर चार वारांत मरते. विसाव्या लेवललाही तेच रानडुक्कर चार वारांतच मरते. मग वीस लेवल कमावल्या कशासाठी? आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. समजा, दर लेवलला मिळणारे चार गुण खेळणारा निम्मेच अटॅकवर घालतो आणि निम्मे बोलणे, लपणे, औषधी ओळखणे यावर घालतो. दहाव्या लेवलला त्याचा अटॅक ५६ ऐवजी ३८ असेल. शत्रू मात्र लेवल पाहून वाढला आहे. आता वार १५चा, आणि शत्रूला पाडायला सात वार. म्हणजे लेवल वाढल्यामुळे तो कमजोर झाला. २००६ साली आलेल्या 'ऑब्लिव्हियन' या गाजलेल्या गेमवर नेमकी हीच टीका झाली. तिथे नायक वरच्या लेवलला गेला की रस्त्यावरचे साधे लुटारूही अतिशय महागडी चिलखते घालून उभे राहत.

मी मधला मार्ग घेतला. प्रत्येक भागाला खालची आणि वरची मर्यादा. गिरणाकाठ १ ते ५, केळीबागा ४ ते ९, सातपुड्याचा पायथा ८ ते १४, वरचे रान आणि असिरगडाची वाट १३ ते २०. मी गेम बनवायला गोडो हे इंजिन वापरतो, त्यात ही एक ओळ पुरते:

```
var enemy_level = clampi(hero_level, zone_min, zone_max)
```

भागांच्या मर्यादा एकमेकींवर थोड्या चढलेल्या आहेत हे लक्षात घ्या. तसे केले नाही तर शीव ओलांडताना एकदम पायरी लागते.

आता तपासणी. बाराव्या लेवलचा नायक काही कामासाठी परत गिरणाकाठी आला. तिथले डुक्कर पाचव्याच्या वर जात नाही. त्याचे एचपी ६५, नायकाचा वार ४१चा, दोन वारांत आडवे. पूर्वी चार लागत होते. आपण वाढलो हे खेळणाऱ्याला असे मागे वळून पाहिल्यावर कळते, त्यासाठी जुना शत्रू जुनाच राहायला हवा. उलट बाजूने, सहाव्या लेवलचा कोणी घाई करून सातपुड्याच्या पायथ्याला पोचला, तर समोर आठव्या लेवलचा शत्रू. त्याला पाडायला पाच वार, तोवर नायक चार वार खातो, एका वाराचे १३, एकूण ५२. नायकाचे एचपी १५०. एका लढाईत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेले. दोन लढाया निभतात, तिसरीला जीव जातो. गेमने त्याला अडवले नाही, पण अजून वेळ झाली नाही हे सांगितले.

बॉसला मात्र मी ही ओळ लावत नाही. बॉसची लेवल ठरलेली. जो चार जास्तीचे क्वेस्ट करून आला त्याला लढाई सोपी गेलीच पाहिजे, ती त्याच्या मेहनतीची मिळकत आहे.

सहावी पायरी: जुन्या शत्रूचा एक्सपी उतरवा

भाच्याची सत्तावन्न डुकरे इथे सुटतात. शत्रू आपल्यापेक्षा जितक्या लेवल खाली, तितके दहा टक्के एक्सपी कमी. वर असेल तर तितके दहा टक्के जास्त. खाली दहा टक्क्यांपर्यंत आणि वर एकशे तीस टक्क्यांपर्यंतच:

```
var factor = clampf(1.0 + 0.1 * (enemy_level - hero_level), 0.1, 1.3)
```

बाराव्या लेवलच्या नायकाला पाचव्याचे डुक्कर आता ३० ऐवजी ९ एक्सपी देते. पुढच्या लेवलला ११०५ लागतात, म्हणजे एकशे तेवीस डुकरे. कोणी मारत बसणार नाही, आणि तुम्हाला कुठे "इथे एक्सपी बंद" अशी पाटीही लावावी लागत नाही. वरच्या बाजूला, नवव्या लेवलचा नायक बाराव्याच्या शत्रूंशी भिडला तर त्याला चौदाऐवजी नऊच लढाया लागतात. मागे पडलेला माणूस लवकर बरोबरीला येतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी तो आपोआप मधल्या वाटेवर ओढला जातो, आणि त्यामुळे पहिल्या पायरीतले तुमचे अंदाज थोडे चुकले तरी गेम सांभाळून घेतो.

एक सावधगिरी: हा उतार फार कडक करू नका. एका लेवलच्या फरकाला तीस टक्के कापले, तर नुकतीच लेवल वाढलेल्या माणसाला त्याच शत्रूंकडून लगेच कमी मिळते आणि लेवल वाढण्याची शिक्षा झाल्यासारखे वाटते. दहाच्या आसपास ठेवा.

सातवी पायरी: दुसऱ्याच्या हातात द्या आणि वही घेऊन बसा

एक्सेल फक्त एकास एक लढाई तपासते. बाकीचे माणूस खेळताना दिसते. मी प्रत्येक लेवलला चार गोष्टी लिहितो: किती मिनिटे लागली, किती वेळा मेला, किती भाकऱ्या खाल्ल्या, आणि कोणत्या भागात होता. यातून एक आकडा काढायचा, मिनिटाला किती एक्सपी मिळाला. त्यात खाण्यापिण्याचा आणि परत गावात जाण्याचा वेळही धरायचा. मागच्या भागात हा दर पुढच्या भागापेक्षा जास्त निघाला, तर खेळणारा मागेच थांबणार. तो कंटाळतो तरी थांबतो. शिवाय तोंडी काय सांगतो त्यापेक्षा पावले कुठे वळतात ते बघा. "मजा आली" म्हणणारा पोरगा शत्रूंना चुकवून कडेकडेने पळत असेल, तर तिथे एका लढाईचा मोबदला कमी आहे. लेवल वाढल्याची घंटा वाजूनही त्याने गुणांचा पडदा उघडला नाही, तर चौथ्या पायरीतला खड्डा पुन्हा तपासा.

नवी प्रत घेऊन भाचा दिवाळीत परत बसला. सातवी लेवल बारा लढायांत, साधारण वीस मिनिटांत पार झाली. तो स्वतःहून केळीबागेत गेला. सगळे सुरळीत चालले आणि तेराव्या लेवलला, वरच्या रानाच्या तोंडाशी तो लागोपाठ चार वेळा मेला. माझ्या वहीत तोवर एकाही लेवलला एकाहून जास्त मरण नव्हते.

पहिला विचार आला तो भागाची खालची मर्यादा उतरवायचा. पण तिथला एकेकटा दरोडेखोर तो बिनधास्त मारत होता. मरत होता तो तिघांच्या टोळीपुढे. कागदावर मांडले तेव्हा कारण उघड झाले. एकट्या शत्रूशी लढताना नायक तीन वार खातो, म्हणून तिघांशी लढताना नऊ खाईल असे मी मनात धरले होते. तसे होत नाही. पहिल्याला पाडेपर्यंत उरलेले दोघेही वार करतच असतात. पहिला मरेपर्यंत तीन वार करतो, दुसरा सात, तिसरा अकरा. एकूण एकवीस. नायक झेलू शकतो पंधरा. तेराव्या लेवलला एक वार १७चा, एकवीस वारांचे ३५७, आणि नायकाचे एचपी २५५. मध्येच भाकरी खाल्ली तर ती पाळी वाया जाते आणि तेवढ्यात तिघांचे तीन वार पुन्हा अंगावर येतात. म्हणजे शत्रू तिप्पट केले आणि मार सातपट झाला, एक्सपी मात्र तिप्पटच.

म्हणून टोळीचा शत्रू वेगळा बनवला. लेवल, अटॅक, डिफेन्स तेच, एचपी निम्मे. तेराव्या लेवलच्या दरोडेखोराचे १२२ होते, टोळीतल्याचे ६१. नायकाचा वार ३४चा, म्हणून प्रत्येक जण दोन वारांत पडतो. आता पहिला एक वार करतो, दुसरा तीन, तिसरा पाच. एकूण नऊ वार, १५३ एचपी. नायकाकडे शंभर उरतात आणि छातीत धडधड राहते. प्रत्येकाचा एक्सपीही ७० वरून ३५ केला, म्हणजे अख्ख्या टोळीचे १०५, दीड लढाईएवढे. मार तिप्पट आणि मोबदला दीडपट हे मला अजून थोडे कमी वाटते. टोळीकडे हमखास एक भाकरी सापडेल असे करून बघतो आहे. भाच्याची शाळा सुरू झाली आहे, त्यामुळे ती प्रत तो रविवारी खेळणार आहे.